पाळी कोणाची, तारीख कोणती

इन्फ्लुएन्सरबरोबरच्या कामात लिहिण्या-बोलण्यापेक्षा वाट पाहण्यातच जास्त दिवस जातात. मेसेज गेला की उत्तराची वाट, दर कळवला की होकाराची वाट, वस्तू पाठवली की ती पोचण्याची आणि मग व्हिडिओ येण्याची वाट. चार जणांशी बोलणी असतील तर हे सगळे डोक्यात राहते. चाळीस जण झाले की राहत नाही, आणि तेव्हा हातातून निसटतात ती बहुतेक अर्ध्या वाटेवर आलेली माणसे. ज्यांनी उत्तरच दिले नाही त्यांचे नुकसान फारसे नसते. पण ज्यांनी ‘किती पेट्या पाठवाल?’ असे विचारले आणि ज्यांना आपण ‘उद्या सांगतो’ म्हणून सांगितलेच नाही, ते कायमचे जातात. एका साध्या शीटमध्ये ही वाट पाहणे नीट कसे मांडायचे आणि रोज सकाळी त्या शीटनेच आज कोणाचा पाठपुरावा करायचा ते कसे सांगायचे, हे या प्रकरणात पाहू.

उदाहरण आंब्याचे घेतो, कारण आंब्याला मोसम असतो आणि चुकलेला आठवडा परत मिळत नाही. समजा, देवगडचे एक बागायतदार कुटुंब आहे. भाऊ बाग आणि पेट्या पाहतो, बहीण पुण्यात राहून थेट विक्री पाहते. पाककृती दाखवणारे, कोकण फिरवणारे, घरगुती संसाराचे व्हिडिओ करणारे असे चाळीस मराठी इन्फ्लुएन्सर त्यांनी निवडले आहेत. प्रत्येकाला दोन डझनांची पेटी आणि काही जणांना मानधन, असा बेत आहे. पोस्ट २० एप्रिलच्या आत यायला हवी, कारण मेच्या मध्यानंतर वळवाचे ढग दिसू लागतात आणि मागणी असली तरी हमखास माल देता येत नाही.

आता २० एप्रिलपासून मागे मोजत जा. पेटीतला आंबा कच्चाच निघतो. गवतात अढी घातल्यासारखा तो घरी आठवडाभर पिकतो, आणि कच्च्या आंब्याचा व्हिडिओ कोणी करत नाही. म्हणजे पेटी १२ एप्रिलच्या सुमारास घरात हवी. कुरिअरला दोन-तीन दिवस धरा, ठरल्यानंतर पेटी भरायला दोन दिवस धरा, दराच्या बोलण्यांना आठवडा धरा. आपण १ एप्रिलपर्यंत येतो. त्याआधी पहिला मेसेज, मग आठवण, मग आणखी एक आठवण, यांत बारा दिवस सहज जातात. म्हणून पहिला मेसेज २० मार्चच्या पुढे जाऊन चालत नाही. ही मोजणी शीट उघडण्याआधी कागदावर करावी. त्यातले प्रत्येक अंतर पुढे शीटमध्ये एकेक आकडा होऊन बसणार आहे.

बहुतेकांच्या शीटमध्ये स्थितीचा रकाना असतो, पण त्यात ‘चालू’, ‘बघू’, ‘संपर्क केला’ असले शब्द असतात. ‘चालू’ म्हणजे काय? आपण लिहायचे राहिले आहे की त्यांचे उत्तर यायचे राहिले आहे? दोन आठवड्यांनी ती ओळ वाचणाऱ्याला, मग ती लिहिणारी स्वतः बहीणच का असेना, हे कळत नाही. माझ्या मते स्थितीच्या नावाने दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. पुढची पाळी कोणाची, आणि किती दिवस गप्प बसणे योग्य. ज्या नावातून हे निघत नाही ते नाव शीटमधून काढून टाकावे. म्हणून आधी ‘स्थिती’ नावाची एक वेगळी शीट करायची, आणि तिच्यात फक्त हे तीन रकाने:

| स्थिती | पाळी | दिवस |
|---|---|---|
| निवडले | आपली | 2 |
| लिहिले | त्यांची | 5 |
| पहिली आठवण | त्यांची | 7 |
| दुसरी आठवण | त्यांची | 7 |
| उत्तर आले | आपली | 1 |
| प्रस्ताव दिला | त्यांची | 3 |
| ठरले | आपली | 2 |
| पेटी पाठवली | कुरिअर | 3 |
| पेटी पोचली | त्यांची | 7 |
| पोस्ट आली | आपली | 1 |
| हिशेब पूर्ण | | |
| नकार | | |
| थांबलो | | |

आकडे पाहा. पाळी आपली असेल तिथे मुदत एक-दोन दिवसांची आहे, त्यांची असेल तिथे मोठी. ‘पेटी पोचली’ला सात दिवस दिले ते आंबा पिकायला लागतात म्हणून. चिवड्याची किंवा साबणाची मोहीम असती तर तिथे तीन-चार दिवस पुरले असते. हे आकडे बदलावे लागले तर फक्त याच तक्त्यात बदलायचे, सगळ्या ओळींच्या तारखा आपोआप सरकतात.

आठवणींसाठी वेगळा ‘किती वेळा विचारले’ असा रकाना ठेवायचा मोह होतो. तो ठेवू नये. पहिली आठवण आणि दुसरी आठवण या स्वतंत्र स्थिती केल्या की मोजणी स्थितीतच राहते आणि थांबण्याची जागाही ठरून जाते. दुसऱ्या आठवणीनंतर सात दिवस गेले की पुढचा पर्याय ‘थांबलो’ हाच. तिसरी आठवण हवीच असे वाटले तर तिला तक्त्यात जागा नाही, आणि ती नसलेलीच बरी. मराठी पाककृतीच्या जगात लोक एकमेकांना ओळखतात. चिकटपणाची ख्याती आंब्याच्या ख्यातीआधी पोचते.

मुख्य शीटचे नाव ‘संपर्क’. तिच्यात A ते I असे नऊ रकाने पुरेत: नाव, प्रोफाइलचा दुवा, माध्यम, स्थिती, स्थिती बदलल्याची तारीख, त्यांनी सांगितलेली तारीख, पुढची तारीख, कोणाकडे आणि नोंद. फॉलोअर, दर, गाव, मागच्या पोस्टचे लाइक असे आणखी पंधरा रकाने जोडता येतात, पण ते माणूस निवडताना लागतात, पाठपुरावा करताना नाही. त्यांची शीट वेगळी ठेवावी. रोज उघडायच्या शीटमध्ये फोनच्या पडद्यावर मावेल तेवढेच असावे. इन्फ्लुएन्सरचे घरचे पत्ते आणि फोन नंबर तर या शीटमध्ये नकोतच. ते पेटी पाठवणाऱ्या भावापुरते वेगळे ठेवावेत, आणि कोणतीही शीट ‘दुवा असलेल्या कोणालाही’ उघडेल अशी ठेवू नये.

D रकान्यात म्हणजे स्थितीत कोणी हाताने काही टंकायचे नाही. गूगल शीट्समध्ये `Data → Data validation` इथून ड्रॉपडाउन करून त्याला ‘स्थिती’ शीटचा पहिला रकाना जोडायचा आणि चुकीची नोंद नाकारण्याचा पर्याय निवडायचा. हाताने टंकलेल्या शब्दाच्या शेवटी नकळत एक मोकळी जागा राहिली तरी संगणकाला तो वेगळा शब्द वाटतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, तारीख मात्र निघत नाही.

आता पुढची तारीख. ती G रकान्यात सूत्राने येते. G2 मध्ये हे लिहून खाली ओढायचे आणि रकान्याला तारखेचे स्वरूप द्यायचे:

```
=IF(D2="","",LET(days,VLOOKUP(D2,'स्थिती'!$A:$C,3,FALSE),
 IF(days="","",IF(F2<>"",F2,E2+days))))
```

सूत्र असे वाचा. स्थिती नसेल तर काही दाखवू नको. असेल तर ‘स्थिती’ शीटमधून तिचे दिवस आण. दिवसांचा खण रिकामा असेल, म्हणजे काम संपलेले असेल, तर तारीख नको. समोरच्याने स्वतः एखादी तारीख सांगितली असेल तर तीच घे, नाहीतर स्थिती बदलल्याच्या तारखेत दिवस मिळव.

यातला `days=""` हा तुकडा अनावश्यक वाटेल, पण तो काढला तर मोठा गोंधळ होतो. रिकाम्या खणाला बेरजेत शून्य मानले जाते. त्यामुळे ‘नकार’ दिलेल्या माणसाची पुढची तारीख नकाराचीच तारीख ठरते, आणि दुसऱ्या दिवसापासून ते नाव रोज सकाळी थकलेल्या यादीत येत राहते. अशी पंधरा मेलेली नावे यादीत साचली की माणूस यादी वाचणेच सोडतो. पाठपुराव्याची शीट बंद पडते ती बहुधा अशीच, यादीवरचा विश्वास उडाल्यामुळे.

काही जण हे सूत्र `IFERROR` मध्ये गुंडाळतात, म्हणजे चूक असेल तिथे खण स्वच्छ रिकामा दिसतो. मी तसे करायला सांगणार नाही. स्थितीचा शब्द तक्त्यात नसेल तर तिथे `#N/A` दिसलेच पाहिजे. रिकामा खण आणि चुकलेला खण सारखे दिसू लागले की एखादी चालू बोलणी कोणाच्याही लक्षात न येता यादीतून गळते. त्याच विचाराने E रिकामा असल्याची तपासणीही सूत्रात ठेवलेली नाही. समजा कोणी ‘लिहिले’ निवडले आणि तारीख पडली नाही, तर G मध्ये ४ जानेवारी १९०० अशी तारीख येईल, कारण शीट्सची दिवसमोजणी १८९९च्या अखेरीस सुरू होते. ती तारीख विचित्र दिसते, ती ओळ रोज थकलेल्यांत येते आणि चूक लगेच सापडते.

E मधली तारीख मात्र हाताने लिहायची नाही. घाईत ती लिहायची राहते, किंवा महिना-दिवस उलटे पडतात. नवी शीट अनेकदा अमेरिकी पद्धतीवर असते, आणि तिथे 05/04 म्हणजे ४ मे. आपल्याला ५ एप्रिल म्हणायचे असते. आंब्याच्या मोसमात हा एक महिना म्हणजे सगळा मोसम. म्हणून सुरुवातीलाच `File → Settings` मध्ये जाऊन प्रदेश भारत आणि वेळ भारतीय करून घ्यावी, आणि स्थिती बदलली की तारीख आपोआप पडेल अशी सोय करावी. त्यासाठी `Extensions → Apps Script` उघडून ही छोटी आज्ञावली चिकटवायची:

```javascript
function onEdit(e) {
  const r = e.range, sh = r.getSheet();
  if (sh.getName() !== 'संपर्क' || r.getColumn() !== 4
      || r.getRow() < 2) return;
  const aaj = new Date();
  aaj.setHours(0, 0, 0, 0);
  const n = r.getNumRows();
  sh.getRange(r.getRow(), 5, n).setValue(aaj);
  sh.getRange(r.getRow(), 6, n).clearContent();
}
```

चौथ्या रकान्यात कोणी बदल केला की पाचव्यात आजची तारीख पडते आणि सहाव्यातली, म्हणजे समोरच्याने सांगितलेली जुनी तारीख, पुसली जाते. हे पुसणे महत्त्वाचे आहे. नाहीतर मागच्या टप्प्यावर दिलेला वायदा पुढच्या टप्प्यावरही सूत्राला खरा वाटत राहतो. आणखी एक काळजी अशी की Apps Script च्या स्वतःच्या सेटिंग्जमध्येही एक वेळेचा प्रदेश असतो. तो आणि शीटचा प्रदेश वेगळे राहिले तर मध्यरात्रीची तारीख एक दिवस मागे-पुढे दिसते. दोन्हीकडे भारतीय वेळ आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

आता रोज सकाळची यादी. तिची आज्ञावली अशी:

```javascript
function sakalchiYadi() {
  const rows = SpreadsheetApp.getActive().getSheetByName('संपर्क')
    .getDataRange().getValues().slice(1);
  const aaj = new Date(), kaam = [], chuk = [];
  rows.forEach((r, i) => {
    const g = r[6];
    if (g === '') return;
    if (!(g instanceof Date)) chuk.push('ओळ ' + (i + 2));
    else if (g <= aaj) kaam.push([r[7], r[0], r[3], r[8]].join(' | '));
  });
  MailApp.sendEmail(Session.getEffectiveUser().getEmail(),
    'आजची यादी: ' + kaam.length,
    kaam.join('\n') + '\n\nतपासा: ' + chuk.join(', '));
}
```

ज्यांची पुढची तारीख आज किंवा आजच्या आधीची आहे, त्यांची नावे एकाच ईमेलमध्ये येतात: काम कोणाकडे, माणूस कोण, स्थिती काय, नोंद काय. G रकान्यात तारखेऐवजी भलतेच काही असेल, `#N/A` असेल किंवा F मध्ये कोणी ‘पुढच्या सोमवारी’ असे शब्दांत लिहिले असेल, तर त्या ओळीचा क्रमांक ‘तपासा’च्या पुढे येतो. म्हणजे चुकलेली ओळ गप्प राहत नाही. आणि आज कोणाचेच काम नसले तरी ईमेल येतेच, विषयात शून्य घेऊन. हे मुद्दाम ठेवले आहे. काम नसताना ईमेल येणार नाही असे केले, तर आज खरोखर काम नाही की यंत्रणा बंद पडली, हे ओळखता येत नाही.

ही आज्ञावली आपोआप चालावी म्हणून त्याच खिडकीत डावीकडच्या घड्याळाच्या चिन्हावर जाऊन ट्रिगर जोडायचा: `sakalchiYadi`, `Time-driven`, `Day timer` आणि सकाळी आठ ते नऊ. त्या तासात केव्हातरी ती चालते, नेमक्या मिनिटाला नाही. पहिल्यांदा गूगल परवानगी मागते आणि हे ॲप तपासलेले नाही असा इशारा दाखवते. आज्ञावली तुम्ही स्वतः चिकटवली आहे आणि ती काय करते हे वर वाचले आहे, म्हणून परवानगी द्यायला हरकत नाही. दुसऱ्या कोणाची न वाचलेली आज्ञावली असेल तर मात्र तिथेच थांबावे. ट्रिगर ज्याच्या खात्यातून जोडला त्याच्याच नावाने चालतो, हेही ध्यानात ठेवावे. मोसमापुरत्या आलेल्या मदतनिसाच्या खात्यातून तो जोडला आणि त्याचा शीटवरचा हक्क नंतर काढला, तर सकाळची यादी त्या दिवसापासून बंद. ट्रिगर घरच्या माणसाच्या खात्यातूनच जोडावा.

हे आठवणीचे ईमेल आपल्याला येते, इन्फ्लुएन्सरला जात नाही. त्यांनाच आपोआप आठवण पाठवणे आज्ञावलीत चार ओळी वाढवून जमेल. पण मी ते करू नका असे ठामपणे सांगतो. आपल्या मेसेजला त्यांनी व्हॉट्सॲपवर उत्तर दिलेले असते, शीटला ते माहीत नसते, आणि पाचव्या दिवशी ‘आपले उत्तर आले नाही’ असे ईमेल त्यांच्या दारात जाते. ज्याने वेळ काढून उत्तर दिले त्याला हे वाचून काय वाटेल? यंत्राने तारीख सांभाळावी. शब्द माणसाने लिहावेत, आधीचा संवाद वाचून.

आता एक ओळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहू. पुण्यातली पाककृती करणारी एक जण, इन्स्टाग्रामवर घरगुती पदार्थ दाखवणारी. २० मार्चला बहिणीने तिला इन्स्टाग्रामवर लिहिले आणि स्थिती ‘लिहिले’ केली. पुढची तारीख आपोआप २५ मार्च झाली. २५ तारखेच्या सकाळी ते नाव यादीत आले. उत्तर नाही.

इथे पुन्हा तिथेच लिहिणे उपयोगाचे नसते. तुम्हाला फॉलो न करणाऱ्याला इन्स्टाग्रामवर लिहिलेला मेसेज त्याच्या नेहमीच्या इनबॉक्समध्ये जात नाही, विनंत्यांच्या वेगळ्या कप्प्यात पडतो, आणि अनेक जण तो कप्पा कित्येक दिवस उघडत नाहीत. शिवाय विनंतीत एकच, तोही नुसत्या मजकुराचा मेसेज, अशी मर्यादा इन्स्टाग्रामने २०२३ मध्ये आणली. म्हणून पहिली आठवण दुसऱ्या वाटेने द्यायची. व्यावसायिक प्रोफाइलवर बहुधा ईमेलचे बटण किंवा व्यवस्थापकाचा पत्ता असतो. यूट्यूबवर असेल तर चॅनेलच्या माहितीत व्यवसायासाठीचा ईमेल पत्ता सापडू शकतो. बहिणीने ईमेल केले, C मध्ये माध्यम बदलले, स्थिती ‘पहिली आठवण’. पुढची तारीख १ एप्रिल.

२८ मार्चलाच ईमेलने उत्तर आले: रील हवी की स्टोरी, आणि मानधन आहे का? स्थिती ‘उत्तर आले’, पाळी आपली, पुढची तारीख २९. या टप्प्यावर यंत्रणेचा खरा उपयोग कळतो. बहिणीला दर ठरवायला भावाशी बोलायचे होते, भाऊ बागेत होता, फोन लागला नाही. यादी नसती तर ही गोष्ट दोन-तीन दिवस सरकली असती. २९च्या सकाळी ते नाव समोर आले आणि त्याच दिवशी प्रस्ताव गेला: दोन डझनांची पेटी, एक रील, ठरलेली रक्कम पोस्टनंतर. ‘प्रस्ताव दिला’, १ एप्रिलपर्यंत वाट. ३१ मार्चला होकार आला, ‘ठरले’. आता H रकान्यात, म्हणजे ‘कोणाकडे’मध्ये, भावाचे नाव. २ एप्रिलला पेटी निघाली, ४ला पोचली. ‘पेटी पोचली’, पुढची तारीख ११ एप्रिल.

११ला बहिणीने विचारले ते ‘व्हिडिओ कधी?’ असे नाही. तिने विचारले, आंबे पिकले का, सगळे नीट निघाले का. उत्तर आले की दोन आंबे डागी निघाले, बाकीचे काल पिकले, आमरस करून चित्रीकरण झाले आहे, १५ला टाकते. आता स्थिती बदललेली नाही, पण तारीख मिळाली आहे. ती F मध्ये लिहायची, आणि लिहायची १६ एप्रिल. तिने सांगितलेल्या दिवशीच सकाळी आपल्याला आठवण आली तर हात विचारायला शिवशिवतात, आणि जिने शब्द दिला आहे तिला त्याच सकाळी टोचणे बरे नाही. वायद्याचा दिवस तिला पूर्ण मिळू द्यावा. ही तारीख टंकताना अंक इंग्रजी वापरणेच सुरक्षित. तारीख खणात उजवीकडे सरकून बसली तर शीटने ती तारीख म्हणून घेतली, डावीकडे राहिली तर शीटला ती नुसती अक्षरे वाटत आहेत.

१५ला पोस्ट आली. ‘पोस्ट आली’ या स्थितीला एकच दिवस दिला आहे, कारण त्या दिवशीची कामे लांबवण्यासारखी नसतात. पोस्टचा दुवा नोंदीत ठेवायचा, आभार मानायचे, पैसे द्यायचे, आणि ही जाहिरात आहे असे पोस्टवर स्पष्ट दिसते का ते पाहायचे. जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे एएससीआयने, २०२१ मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी जी नियमावली आणली, तिच्यानुसार पैसे घेतले नसले आणि नुसती वस्तू भेट मिळाली असली तरी तसे सांगणे आवश्यक आहे. ग्राहक व्यवहार विभागानेही जानेवारी २०२३ मध्ये याच आशयाच्या सूचना दिल्या. आंब्याची पेटी म्हणजे भेटच, म्हणून ही अट प्रस्तावातच लिहावी. पोस्ट आल्यावर ती बदलायला सांगणे दोघांनाही अवघड जाते. हे सगळे झाले की ‘हिशेब पूर्ण’. G रिकामा होतो आणि ते नाव यादीत पुन्हा येत नाही.

याच शीटमध्ये आणखी एक ओळ आहे, मुंबईच्या एका भटकंतीवाल्याची. २० मार्चला लिहिले, २५ला पहिली आठवण, १ एप्रिलला दुसरी, ८ एप्रिलला ‘थांबलो’. चार तारखा, काहीच हाती नाही. पण ८ तारखेला ते नाव बाजूला झाले आणि त्याच्यासाठी राखलेली पेटी, अजून वेळ असताना, दुसऱ्या कोणाला देता आली. पोस्टसाठी २० एप्रिल ही मर्यादा धरली तर ८ एप्रिल हा नव्या माणसाशी झटपट ठरवण्याचा जवळजवळ शेवटचा दिवस. थांबण्याची तारीख ठरलेली असण्याचा फायदा हाच.

एक व्यवहारातली अडचण सुरुवातीलाच सांगायला हवी. चाळीस जणांना एकाच दिवशी लिहिले तर पाचव्या दिवशीच्या यादीत तीसेक नावे एकदम येतात, आणि तेवढ्यांना विचार करून लिहिणे एका माणसाला जमत नाही. मग एकच मजकूर सगळ्यांना चिकटवला जातो. म्हणून १६ ते २० मार्च असे पाच दिवस रोज आठ जणांना लिहावे. आठवणीही मग आपोआप आठ-आठच्या गटांत येतात.

दुसरी गोष्ट म्हणजे दुसऱ्या शीटमधून ओळी उचलून इथे चिकटवणे. चिकटवलेल्या खणावरचा ड्रॉपडाउन पुसला जातो, आणि चिकटवण्याची सुरुवात A रकान्यापासून झाली तर वरची `onEdit` आज्ञावली ती ओळ पाहतच नाही, कारण तिला चौथ्या रकान्यापासून झालेला बदलच कळतो. अशा ओळी G मधल्या १९०० सालच्या तारखेवरून किंवा `#N/A` वरून ओळखू येतात. नवी नावे घ्यायची असतील तर फक्त A ते C चिकटवावे, आणि D मध्ये ‘निवडले’ हे ड्रॉपडाउनमधूनच निवडावे.

रंग देण्याचा उल्लेख मी शेवटी करतो, कारण त्याची गरज सर्वांत कमी आहे. `Format → Conditional formatting` मध्ये `=AND($G2<>"",$G2<=TODAY())` हे सूत्र दिले की थकलेल्या ओळी रंगतात. प्रत्येक स्थितीला वेगळा रंग मात्र देऊ नये. तेरा रंगांत नेमका आजचा रंग शोधावा लागतो.

ही शीट शंभर-दीडशे नावांपर्यंत आणि दोन-तीन माणसांपर्यंत चांगली चालते. त्यापुढे, विशेषतः चार जण एकाच इन्फ्लुएन्सरशी वेगवेगळ्या माध्यमांतून बोलत असतील तर, ती तोकडी पडते. आणि तिला एक गोष्ट कधीच कळत नाही, ती म्हणजे शीटबाहेर झालेले बोलणे. फोनवर होकार मिळाला आणि स्थिती ‘प्रस्ताव दिला’ हीच राहिली, तर तिसऱ्या दिवशी तुम्ही त्या माणसाला पुन्हा विचाराल. म्हणून बोलणे संपले की फोन खाली ठेवण्याआधी त्याच फोनवर शीट उघडून स्थिती बदला, नोंद नंतर सावकाश लिहिली तरी चालेल. आणि मोसम संपल्यावर ही शीट टाकून देऊ नका. तिची प्रत काढून ठेवा. पुढच्या जानेवारीत नवी यादी करायला बसाल तेव्हा आधी ‘हिशेब पूर्ण’ झालेल्यांना लिहा, आणि ‘थांबलो’ असलेल्यांपुढे कोणत्या माध्यमातून विचारले होते ते पाहून या वेळी दुसऱ्या वाटेने विचारा.